तोलात १८ ला १८, तरी सकाळचा पहिला शॉट शिळा

घरी एस्प्रेसो करणाऱ्यांचा हा प्रश्न दर काही महिन्यांनी नव्या चेहऱ्याने येतो. सकाळचा पहिला शॉट भसाभस पळतो, चवीला पांचट लागतो आणि मागे जुन्या शेंगदाण्यांसारखा खवट वास राहतो. पाच मिनिटांनी त्याच बियांचा, त्याच सेटिंगवर काढलेला दुसरा शॉट मात्र झकास. शिवाय ग्राइंड बारीक केला की फरक लगेच दिसत नाही, एक शॉट उलटल्यावर दिसतो. ग्राइंडरमधून पूड जिथून बाहेर पडते त्या च्यूटच्या तोंडाला पुडीची दाढी आलेली असते आणि ओट्यावर कपाच्या भोवती काळी रांगोळी.

ही सगळी लक्षणं एकत्र असतील तर बिया बदलू नका. मशीनलाही लगेच दोष देऊ नका. ग्राइंडरच्या पोटात कालची पूड बसली आहे आणि ती आज तुमच्या बास्केटमध्ये, म्हणजे मशीनच्या पूड भरायच्या गाळणीत, येते आहे.

नागपूरच्या माझ्या मावसभावाचं उदाहरण घेतो, कारण त्याच्याकडे हा प्रकार अगदी नमुनेदार होता. ग्राइंडर ६४ मिलिमीटरच्या सपाट बरचा, म्हणजे दळणाऱ्या चकत्यांचा, आणि मूळचा हॉपरवाला, म्हणजे वर बिया भरून ठेवायचा डबा असलेला. हॉपर काढून त्याने वर छोटी वाटी बसवली आणि दर वेळी १८ ग्रॅम बिया तोलून टाकायला, म्हणजे सिंगल डोस करायला लागला. दिवसाला दोन शॉट, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. हिशोब साधा: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २८ सेकंद. पण सकाळी तोच शॉट २० सेकंदांत संपायचा. फोनवर त्याचं एकच पालुपद, "दादा, अठरा टाकतो, अठराच येते. मग आत राहतं कुठे?"

त्याचा काटा बरोबरच सांगत होता. गोंधळ सगळा तिथेच आहे, आणि त्याकडे येतोच. पण आधी एक शक्यता बाजूला काढायला हवी.

आधी मशीनला बाजूला काढा

पहिला शॉट बिघडायला दुसरंही एक साधं कारण असतं: मशीन पुरती तापलेली नसते. बॉयलरचा दिवा लागला तरी पाणी जिथून पडतं तो ग्रुप आणि बास्केट धरणारा दांड्याचा पोर्टाफिल्टर, यांचं धातू थंडच असतं. पाणी तिथे उष्णता गमावतं आणि कॉफी आंबट, पातळ होते. हे आणि शिळ्या पुडीचं प्रकरण जिभेवर बऱ्यापैकी सारखं लागतं, म्हणून लोक अर्धा अर्धा तास मशीन तापवत बसतात आणि तरी फरक पडत नाही.

वेगळं ओळखायचं असेल तर एका सकाळी मशीन नेहमीसारखी तापवा, पण शॉटच्या आधी चारएक ग्रॅम बिया ग्राइंडरमधून काढून ती पूड बाजूला ठेवा. मग नेहमीचे १८ ग्रॅम दळून शॉट काढा. वेळ आणि चव जागेवर आली तर चोर ग्राइंडरमध्ये आहे. दुसऱ्या सकाळी उलटं करा: पूड न काढता, पोर्टाफिल्टर लावून नुसतं गरम पाणी दोनदा सोडा आणि मग शॉट काढा. याने सुधारलं तर चोर मशीनमध्ये. दोन्ही एकाच सकाळी करू नका, नाहीतर काय कळलं तेच कळणार नाही.

भावाकडे चार ग्रॅम काढून टाकल्यावर पहिला शॉट २७ सेकंदांवर आला. बाजूला ठेवलेली पूड त्याने हुंगली आणि म्हणाला, याला तर कॉफीचा वासच नाही. एवढं पुरे.

काटा खोटं बोलत नाही, पण सगळंही सांगत नाही

आता मोजमाप. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमने सरकणारा काटा इथे कामाचा नाही. ग्राइंडरचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. वरचा बर काढा, ब्रशने आणि व्हॅक्यूमने आतलं सगळं स्वच्छ करा, परत बसवा. आता प्रत्येक वेळी बरोबर १८.० ग्रॅम बिया टाका आणि जे बाहेर येईल ते तोला.

भावाकडे स्वच्छ ग्राइंडरमधून पहिल्या फेरीला १५.६ ग्रॅम आले. दुसऱ्या फेरीला १७.५. तिसऱ्याला १७.९. चौथ्यापासून पुढे १८.० ला १८.०. म्हणजे २.४, मग ०.५, मग ०.१ असं करत ग्राइंडरने ३ ग्रॅम पूड पोटात घेतली आणि त्याचं पोट भरलं. त्यानंतर जेवढं आत जातं तेवढं बाहेर येतं, हे खरं. पण जे बाहेर आलं ते आत्ता टाकलेलंच होतं, असं काटा कुठे म्हणतो?

हा फरक समजला की बाकी सगळं सोपं जातं. आत राहणाऱ्या पुडीचे दोन भाग असतात. एक भाग बरच्या भोवतीच्या खोबणीत, स्क्रूंच्या खळग्यांत, चेंबरच्या कोपऱ्यांत घट्ट चेपून बसतो आणि सहसा हलत नाही. दुसरा भाग च्यूटच्या नळीत, तोंडाशी असलेल्या पाकळीच्या मागे आणि फिरत्या बरच्या पात्यांसमोर सैल पडलेला असतो. हा दुसरा भाग दर वेळी बदलतो: आजची पूड त्याला ढकलून बाहेर काढते आणि स्वतः त्याच्या जागी बसते. वजन तेच, माल कालचा.

जाहिरातीत जेव्हा "झीरो रिटेन्शन" लिहितात तेव्हा बहुतेक वेळा आत-बाहेर वजन जुळतं एवढंच त्यांना म्हणायचं असतं. तुम्हाला हवा असतो तो आकडा वेगळा: त्यातली किती पूड अदलाबदल होते? तो घरी काढता येतो. रात्रभर राहिलेल्या ग्राइंडरमध्ये सकाळी बिया न टाकता मोटर सुरू करा, वरून रबरी भाता असेल तर चार-पाच वेळा दाबा, च्यूटवर हाताने दोन-तीन टिचक्या मारा आणि जे पडेल ते तोला. भावाकडे १.४ ग्रॅम पडले. म्हणजे सकाळच्या १८ ग्रॅमच्या डोसमध्ये जवळपास आठ टक्के पूड आदल्या संध्याकाळची, आणि आज सकाळच्या ताज्या पुडीपैकी तेवढीच आत अडकून संध्याकाळची वाट बघत बसलेली.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर रंगाने बघा. काळपट डार्क रोस्टचा एक डोस दळा आणि त्यामागोमाग फिकट लाइट रोस्टचा. दुसऱ्या डोसची पूड पांढऱ्या कागदावर पसरली की काळे ठिपके स्वच्छ दिसतात, आणि ते सुरुवातीच्या चिमटीत जास्त असतात. ग्राइंड बदलल्यावर परिणाम एक शॉट उशिरा का दिसतो, याचंही उत्तर याच कागदावर आहे. जुन्या सेटिंगची पूड आधी बाहेर पडते. त्यामुळे सेटिंग हलवल्यावर एखादा शॉट मधे जाऊ द्या किंवा थोडी पूड काढून टाका, मगच पुन्हा हलवा. नाहीतर माणूस चुकीच्या शॉटवर विसंबून डायल पुढेमागे फिरवत राहतो.

एवढ्याशा पुडीने एवढा फरक?

पडतो, आणि दोन कारणांनी पडतो. अख्खी भाजलेली बी स्वतःच एक बंद डबी आहे. भाजताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तिच्यात कोंडलेला असतो, तेल आणि सुगंध आत असतात, आणि हवेला आत शिरायला वेळ लागतो. दळल्यावर ती डबी फुटून हजारो कण होतात. वायूचा मोठा हिस्सा दळतानाच उडून जातो आणि उरलेला पुढच्या काही तासांत. सगळ्यात हलके, सगळ्यात मोहक सुगंध त्याच्याबरोबर आधी जातात. मग हवेतला ऑक्सिजन तेलाला लागतो. आठ-दहा तासांनी च्यूटमध्ये जे उरतं त्याला कॉफी म्हणायला हरकत नाही, पण वासाला ती चपटी असते.

दुसरं कारण चवीचं नाही, प्रवाहाचं आहे. ताज्या पुडीत अजून थोडा वायू असतो आणि गरम पाणी शिरलं की तो बाहेर येताना पाण्याला अडवतो. शिळ्या पुडीत तो अडथळा उरत नाही, म्हणून शॉट पळतो. त्यात शिळी पूड सहसा विखरून येत नाही, च्यूटमधून एकगठ्ठा सुटते आणि बास्केटच्या एका बाजूला पडते. तिथून पाण्याला वाट सापडते. आठ टक्के पूड असूनही २८ सेकंदांचे २० होतात ते यामुळे. पूड नीट ढवळून सपाट केली तर हा फटका कमी होतो, पण जात नाही.

चेपून बसलेल्या थराकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि रोजच्या चवीपुरतं ते ठीकही आहे, कारण तो बाहेर येत नाही. अडचण तो अधूनमधून सुटतो तेव्हा होते. महिन्या-दोन महिन्यांचा खवट तुकडा अचानक पडतो आणि एक शॉट कारण नसताना कडवट जातो. तेलकट डार्क रोस्ट वापरणाऱ्यांच्या घरी हा थर लवकर चढतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो ओलावा धरून अक्षरशः वडी होतो, आणि मग च्यूट तुंबून मोटर गुरगुरते. चार दिवस गावाला जाऊन आलात की पहिला डोस सरळ बाजूला काढावा. त्यात चवीचं काही शोधू नये.

हेही सांगायला हवं की हॉपरवाले ग्राइंडर वाईट बनवले आहेत असं अजिबात नाही. ते कॅफेसाठी बनवलेले असतात. सकाळच्या गर्दीत दर मिनिटाला शॉट जातो तिथे च्यूटमधली तीन ग्रॅम पूड मिनिटभरापूर्वीची असते, तिने कोणाचं काही बिघडत नाही. दुपारी अर्धा तास गिऱ्हाईक नसेल तर चांगला बरिस्ता थोडी पूड काढून टाकतो आणि मग पुढचा शॉट घेतो. घरात दोन शॉटच्या मधे दहा-बारा तास जातात. त्याच यंत्राला वेगळ्या चालीवर लावल्यामुळे ही अडचण उभी राहते.

पूड चिकटते कशाने

भावाकडची ती दाढी आणि रांगोळी म्हणजे स्टॅटिक. बिया बरवर आणि एकमेकींवर घासतात तेव्हा विद्युतभार तयार होतो, आणि त्या फुटतात तेव्हाही होतो. भार चढलेले बारीक कण च्यूटच्या भिंतीला, प्लास्टिकच्या कपाला, तुमच्या बोटांना चिकटतात. काहींवर धन भार असतो, काहींवर ऋण, त्यामुळे ते एकमेकांना पकडून गुठळ्याही करतात. बियांचा हलका पापुद्रा तर सगळ्यात आधी उडतो.

अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातले क्रिस्टोफर हेंडन यांनी ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना बरोबर घेऊन हाच प्रश्न तपासला. डिसेंबर २०२३ मध्ये 'मॅटर' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्यातली कामाची गोष्ट अशी की भार किती चढणार हे बीच्या आतल्या ओलाव्यावर फार अवलंबून असतं. जास्त भाजलेली बी कोरडी आणि ठिसूळ असते, तिचा बारीक चुरा जास्त होतो आणि भारही जास्त चढतो. बारीक दळलं की तो आणखी वाढतो. दळण्याआधी बियांवर थोडं पाणी घातलं की भार झपाट्याने उतरतो आणि एस्प्रेसोमध्ये पुडीतून उतरणारा अर्कही वाढतो.

पाण्याची युक्ती अर्थात त्याच्या कितीतरी आधीची आहे. डेव्हिड रॉस या हौशी माणसाच्या नावावरून तिला रॉस ड्रॉपलेट टेक्निक म्हणतात, आणि इथले लोकही आता सरसकट आरडीटी म्हणतात.

नागपूरच्या बाबतीत हवेचाही हात होता. एप्रिल-मेमध्ये विदर्भात हवा इतकी कोरडी असते की दाराच्या कडीलाही झटका बसतो. भावाने स्वतःच एक गंमत टिपली होती: वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर चालू असताना ग्राइंडर कमी घाण करायचा, आणि एसी लावला की जास्त. कूलर खोलीत ओलावा सोडतो आणि एसी तो काढून घेतो, त्यामुळे हे तसं अपेक्षितच. ठाण्यात माझ्याकडे जुलैमध्ये हाच प्रयोग केला तर रांगोळी जवळपास दिसतच नाही, उलट ओलाव्याच्या गुठळ्यांचाच ताप होतो.

पाणी किती

फवारणीची छोटी बाटली घ्या, अगदी बारीक तुषार देणारी. १८ ग्रॅम बियांसाठी साधारण ०.२ ते ०.४ मिलिलीटर पाणी लागतं. ते किती फवाऱ्यांत होतं हे बाटलीवर अवलंबून असतं, म्हणून एकदा काट्यावर वाटी ठेवून दहा फवारे मारा आणि वजनाला दहाने भागा. भावाच्या बाटलीचे दहा फवारे १.३ ग्रॅम भरले, म्हणजे एकाला ०.१३. तो दोन मारतो. बाटली नसेल तर चमच्याची ओली दांडी बियांत फिरवली तरी चालते, फक्त मोजमाप राहत नाही.

फवारा वाटीतल्या बियांवर मारायचा, त्या हलवून पाणी सगळ्यांना लागू द्यायचं आणि लगेच दळायचं. ग्राइंडरच्या तोंडात कधीही फवारायचं नाही. स्टीलच्या बरला गंज धरायला तेवढं पुरतं. हॉपरमध्ये भरून ठेवायच्या बियांवरही पाणी नको, कारण त्या ओल्या बसून राहतात. आणि जास्त पाण्याने काम उलटं होतं: बारीक चुरा ओला होऊन च्यूटला लेप लागतो. दळल्यावर च्यूटमध्ये बोट फिरवलं आणि पूड कोरडी न पडता पुसली गेली, तर एक फवारा कमी करा. मुंबईच्या पावसाळ्यात मी एकच मारतो, आणि कधी कधी तोही नाही.

एका गोष्टीची तयारी ठेवा. पाणी घालायला लागल्यावर शॉट हळू होतो. पूर्वी भिंतीला चिकटून राहणारा बारीक चुरा आता बास्केटमध्ये येतो आणि गुठळ्या मोकळ्या होतात, त्यामुळे पाण्याला जास्त अडथळा होतो. भावाचा शॉट पहिल्या दिवशी २८ वरून ३५ सेकंदांवर गेला आणि त्याला वाटलं काहीतरी बिघडलं. ग्राइंड किंचित जाडा केला की झालं.

भाता, पाकळी आणि तांदूळ

वर बसवायचा रबरी भाता हल्ली बहुतेक सिंगल डोस ग्राइंडरबरोबर येतो, आणि जुन्या मॉडेलांसाठी वेगळाही मिळतो. त्याचं काम च्यूटमधली सैल पूड हवेने ढकलून काढणं. मोटर चालू असताना, बियांचा आवाज थांबल्यावर, तीन-चार वेळा सावकाश दाबायचा. जोरात आपटून दाबला तर हवा चेपलेला थर उखडते आणि त्या दिवशीच्या डोसमध्ये मागच्या महिन्याचा तुकडा येतो. म्हणून भाता वापरायचा तर रोज, त्याच जोराने वापरायचा. आठवड्यातून एकदा आठवण झाली म्हणून हाणला, तर त्याच्यासारखा उपद्रव नाही.

च्यूटच्या तोंडाशी रबराची पाकळी किंवा तारेची जाळी असते. पूड तिच्या मागे साठते हे दिसतं, म्हणून अनेक जण ती काढूनच टाकतात. ते करू नका, निदान पहिला उपाय म्हणून तरी. ती वेगाने येणाऱ्या पुडीला थांबवते, गुठळ्या फोडते आणि थोडा भारही उतरवते. ती काढली की आत पूड कमी राहते हे खरं, पण बाहेर ती फवाऱ्यासारखी उडते आणि गुठळ्या तशाच बास्केटमध्ये येतात. पाणी आणि भाता नीट जमल्यावरही पाकळीमागे बरीच पूड राहत असेल, तर मग काढून बघायला हरकत नाही. काढलेला तुकडा जपून ठेवा, म्हणजे झालं.

स्वच्छता करताना घरातलं कोणीतरी हमखास सांगतं की मिक्सर साफ करतो तसे तांदूळ फिरव. कॉफीच्या बरमध्ये कच्चे तांदूळ घालू नका. तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा कठीण असतो, मोटरवर ताण येतो, आणि त्याचं पीठ नेमकं त्याच कोपऱ्यांत जाऊन बसतं जिथून तुम्हाला पूड काढायची होती. कडक ब्रश, लाकडी टूथपिक आणि व्हॅक्यूम एवढं पुरतं. बरला पाणी लावायचं नाही. बर उघडण्याआधी डायल कुठे आहे ते पेन्सिलने खुणवा. परत बसवताना बर ज्या बैठकीवर टेकतो ती आणि आटे कोरड्या कापडाने पुसा. तिथे चिमूटभर पूड राहिली तरी बर एका बाजूला उचलला जातो, दळण जाडं-बारीक यायला लागतं आणि जुनी खूण जुळत नाही. स्वच्छ केल्यावर पहिला शॉट कमी भरतो अशी तक्रार येते ती मात्र वेगळ्या कारणाने: पोट रिकामं आहे, ते आधी भरणार. चार-पाच ग्रॅम जुन्या बिया आधी दळून टाका.

भावाने हे सगळं केल्यावर पुन्हा तोच प्रयोग केला. स्वच्छ ग्राइंडर, दोन फवारे, भाता. पहिल्या फेरीला १६.९ ग्रॅम आले, दुसऱ्याला १७.८, तिसऱ्यापासून १८.०. पोट तीन ग्रॅमवरून १.३ वर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा ग्राइंडर चालवल्यावर पडली ती फक्त ०.२ ग्रॅम. शॉट सकाळी २७, संध्याकाळी २८. एवढ्यावर थांबावं. उरलेल्या ०.२ च्या मागे लागून ग्राइंडर दर आठवड्याला उघडणारे लोक असतात, त्यांचा बर हलतो आणि ते नवा प्रश्न घेऊन येतात.

सिंगल डोस करावंच का

हॉपरमध्ये बिया भरून ठेवणाऱ्यांनी सगळ्यांनी आजच हॉपर काढावा असं माझं म्हणणं नाही. घरात चार माणसं लागोपाठ कॉफी घेत असतील आणि पाकीट आठवड्यात संपत असेल, तर सकाळी पहिल्या शॉटआधी तीन ग्रॅम काढून टाकणं सोपं आहे. त्याचा खर्च मात्र एकदा मोजा. २५० ग्रॅमचं पाकीट ६५० रुपयांना धरलं तर ग्रॅमला २ रुपये ६० पैसे. रोजचे तीन ग्रॅम म्हणजे महिन्याला ९० ग्रॅम, २३४ रुपये. पाकिटाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कचऱ्यात. कोणाला ते चालतं, कोणाला नाही.

हॉपर काढून तोलून टाकायला लागलात तर ग्राइंड पुन्हा लावावा लागेल. हॉपरमध्ये वरच्या बियांचं वजन खालच्या बियांना बरमध्ये दाबतं. एकट्या १८ ग्रॅमवर ते ओझं नसतं, शेवटच्या बिया लाह्यांसारख्या उडत राहतात आणि दळण बदलतं. बहुतेकांना डायल थोडा बारीक करावा लागतो. वर झाकण असू द्या, नाहीतर शेवटच्या चार बिया ओट्यावर सापडतात आणि मग १८ ला १७.५ का आले म्हणून पुन्हा आत शोध सुरू होतो.

फिल्टर किंवा पोर-ओव्हर करणाऱ्यांनी एवढी चिंता करू नये. तिथे पाणी दाबाने जात नाही, त्यामुळे गठ्ठ्याने आलेल्या पुडीतून वाट फुटण्याचा प्रकार नाही, आणि जाडं दळण कमी चिकटतं. २० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम कालची असली तर एखाद्या हलक्या, फुलांच्या वासाच्या कॉफीत कळेल, बाकी नाही. हाताने फिरवायच्या चांगल्या ग्राइंडरमध्ये तर नळीच नसते, बरखाली थेट डबी. तिथे जे राहतं ते ब्रशच्या एका फटक्यात जातं. त्यांनी फक्त एक फवारा मारावा, तोही डबीच्या भिंतीला पूड चिकटत असेल तर.

आणि हे सगळं करूनही पहिला शॉट पळतच असेल, सकाळी रिकामा ग्राइंडर चालवल्यावर ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त पडत नसेल, तर च्यूट सोडा. पोर्टाफिल्टर गरम आहे का ते हात लावून बघा, मग पाकिटावरची भाजल्याची तारीख.